पगारवाढ झाली की एसआयपी किती वाढवायची? ‘दहा टक्के’ म्हणजे नेमके कशाचे

चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा इंजिनिअर घेऊ. हातात पगार येतो ४०,००० रुपये. इक्विटी म्युच्युअल फंडात महिन्याला ५,००० ची एसआयपी चालू आहे. यंदा ८ टक्के वाढ मिळाली आणि हातात ४३,२०० पडू लागले. त्याने एसआयपीला ‘दरवर्षी १० टक्के स्टेप-अप’ लावून घेतलंय. तर आता हप्ता किती होईल?

हा प्रश्न चार जणांना विचारला तर तीन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं ४,३२० ची भर पडेल, म्हणजे पगाराचे दहा टक्के. कुणी म्हणतं ३२०, म्हणजे ३,२०० च्या वाढीचे दहा टक्के. खरं उत्तर ५०० आहे. स्टेप-अपची टक्केवारी चालू हप्त्यावर मोजली जाते. पगार किती, वाढ किती, याच्याशी फंडाला काही देणंघेणं नसतं, त्याला ते माहीतही नसतं. म्हणून ५,००० चा हप्ता ५,५०० होतो, पुढच्या वर्षी ५,५०० वर दहा टक्के लागून ६,०५० होतो, मग ६,६५५. वाढीवर वाढ.

म्हणजे पहिल्या वर्षी ३,२०० च्या वाढीतले ५०० गुंतवणुकीत गेले आणि २,७०० घरखर्चाला उरले. ‘दहा टक्के’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण सुरुवातीला त्याचा खिशाला चटका बसत नाही. तो नंतर बसतो, आणि तो कधी बसणार हे आधीच काढता येतं. त्याकडे येऊच.

पगारवाढीला बचत जोडून ठेवायची ही युक्ती अभ्यासाने तपासलेली आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत ती वापरली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी कामगारांना ‘आजपासून जास्त वाचवा’ असं सांगितलंच नाही. ‘पुढची पगारवाढ होईल तेव्हा बचत आपोआप वाढेल, त्याला आज होकार द्या’ एवढंच म्हटलं. ज्यांना हा पर्याय दिला त्यांपैकी बहुतेकांनी होकार दिला. चार पगारवाढी होईपर्यंत, म्हणजे ४० महिन्यांत, त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारी रक्कम कधी कमी झालीच नाही, फक्त थोडी कमी वाढली. जे खर्चाच्या सवयीत आलंच नव्हतं, ते गेल्याचं कुणाला जाणवलं नाही.

पण तिथे टक्केवारी पगाराची होती. प्रत्येक वाढीला बचतीचा वाटा पगाराच्या आणखी ३ टक्क्यांनी वाढायचा. आपल्या इंजिनिअरला तोच नियम लावला तर त्याचा साडेबारा टक्क्यांचा वाटा साडेपंधरा होऊन पहिल्याच वर्षी हप्त्यात सुमारे १,७०० ची भर पडली असती, ५०० ची नाही. आपल्याकडची दहा टक्के स्टेप-अप सुरुवातीला त्या मानाने बरीच सौम्य असते. एसआयपी जितकी छोटी, तितकी स्टेप-अपही नावापुरती. ४०,००० पगारावर १,००० ची एसआयपी असेल तर दहा टक्के म्हणजे शंभर रुपये. तिथे आधी मूळ हप्ता वाढवायला हवा, स्टेप-अपचा विचार नंतर.

आता वीस वर्षांचं गणित बघू. वर्षाला १० टक्के परतावा धरतोय. ही फक्त गणितासाठीची धारणा. प्रत्यक्षात बाजार एका वर्षी वीस टक्के वर आणि दुसऱ्या वर्षी पंधरा टक्के खाली असं काहीही करतो.

हप्ता वीस वर्षं ५,००० च ठेवला तर एकूण १२ लाख भरले जातात आणि सुमारे ३६.२ लाख होतात. दरवर्षी १० टक्के वाढवत नेला तर सुमारे ७७.३ लाख होतात. जाहिराती नेमक्या इथे थांबतात: बघा, दुपटीहून जास्त! पण दुसऱ्या हिशोबात खिशातून किती गेले, ते क्वचितच ठळक अक्षरांत असतं. ते आहेत ३४.४ लाख. म्हणजे जास्तीचे ४१ लाख दिसतात त्यातले २२ लाखांहून अधिक स्वतःचेच, जास्तीचे भरलेले.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. साध्या एसआयपीत भरलेल्या पैशाचे तिप्पट झाले. स्टेप-अपमध्ये सव्वादोन पट झाले. कारण स्टेप-अपमधले बरेचसे पैसे उशिरा आत येतात, त्यांना वाढायला वेळच कमी मिळतो. स्टेप-अपने परतावा वाढत नाही, भरणा वाढतो.

आपल्या उदाहरणात परतावा आणि स्टेप-अप दोन्ही १० टक्केच धरल्यामुळे हे फार स्वच्छ दिसतं. पहिल्या वर्षी भरलेल्या ६०,००० चे विसाव्या वर्षाअखेर सुमारे ३ लाख ८७ हजार होतात. विसाव्या वर्षी हप्ता ३०,५८० वर पोचलेला असतो आणि त्या एका वर्षात ३ लाख ६७ हजार भरले जातात. त्यांचेही होतात ३ लाख ८७ हजारच. मधल्या प्रत्येक वर्षाचं योगदानही तेवढंच. पंचविशीतले साठ हजार आणि पंचेचाळिशीतले पावणेचार लाख एकाच मापात उतरतात.

म्हणूनच ‘आत्ता थोड्यापासून सुरू करतो, स्टेप-अप आहेच’ असं जास्त परवडत असूनही कुणी म्हणत असेल, तर त्याने हा तिसरा हिशोब बघावा. पहिल्या दिवसापासून सरळ १०,००० भरले आणि पुढे एक रुपयाही वाढवला नाही, तर २४ लाख भरून सुमारे ७२.४ लाख होतात. ५,००० पासून वाढवत नेलेल्याच्या जवळपास तेवढेच, आणि भरले मात्र दहा लाखांनी कमी. स्टेप-अप ही ज्याला आज जास्त जमत नाही त्याच्यासाठीची सोय आहे. ज्याला आज जमतंय त्याने ती पुढे ढकलण्याची सबब करू नये.

मग हप्ता तसाच ठेवला तर बिघडलं कुठे? महागाईने बिघडतं. ६ टक्के महागाई धरली तर विसाव्या वर्षी भरलेल्या ५,००० ची किंमत आजच्या साडेसोळाशे रुपयांइतकी असेल. पगार वाढत गेला, किराणा वाढला, मुलांची फी वाढली, आणि गुंतवणूक मात्र दरवर्षी खऱ्या अर्थाने आक्रसत गेली. ३६.२ लाखांची आजच्या पैशातली किंमत होते साधारण ११ लाख, आणि ७७.३ लाखांची २४ लाख. कॅल्क्युलेटरवर ‘७७ लाख’ बघून हुरळून जाण्याआधी हा भागाकार करून बघावा.

आता चटक्याकडे येऊ. टक्केवारी किती धरायची, हा या सगळ्यातला मुख्य निर्णय आहे आणि बहुतेक लोक तो फॉर्म भरताना अर्ध्या मिनिटात घेतात. दहा किंवा पंधरा, जो आकडा समोर दिसेल त्यावर टिक.

समजा इंजिनिअरचा पगार सरासरी ७ टक्क्यांनी वाढत गेला. विसाव्या वर्षी हातात येतील सुमारे १ लाख ४४ हजार ६००. १० टक्के स्टेप-अपचा हप्ता तेव्हा ३०,५८०. आज पगाराच्या साडेबारा टक्के जातात, तेव्हा एकवीस टक्के जातील. ओढाताण होईल, पण जमण्यासारखं आहे. वाढीतला वाटा बघितला तर पंधराव्या वर्षाच्या सुमारास प्रत्येक पगारवाढीतला साधारण चौथा हिस्सा एसआयपीला जातोय, शेवटी शेवटी तीस टक्क्यांच्या आसपास.

आता पंधरा टक्के लावून बघा. पाच-सात वर्षं काही जाणवत नाही. पंधराव्या वर्षी हप्ता ३५,००० च्या वर जातो आणि पगारवाढीतले दोन तृतीयांशांहून जास्त पैसे एकटा तोच खातो. विसाव्या वर्षी हप्ता ७१,००० च्या पुढे, म्हणजे जवळजवळ अर्धा पगार. त्या वर्षी पगार साडेनऊ हजारांनी वाढतो आणि हप्ता ९,३०० नी. वाढ झाली म्हणून पेढे वाटावेत आणि घरी न्यायला जेमतेम दोनशे रुपये उरावेत, अशी गत. प्रत्यक्षात कुणी इथवर पोचत नाही. त्याच्या बऱ्याच आधी, मुलाच्या कॉलेजच्या किंवा घराच्या हप्त्याच्या वर्षी, एसआयपी सरळ बंद केली जाते.

कारण साधं आहे. हप्ता पगारापेक्षा वेगाने वाढत राहिला तर पगारातला त्याचा वाटा दरवर्षी वाढतच जाणार. दोन्ही वेगांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर असेल तर वीस वर्षं निभतं. सात-आठ टक्क्यांचं असेल तर कुठेतरी तुटणार. म्हणून आधी स्वतःच्या पगाराचा वेग काढायचा. पाच वर्षांपूर्वीची याच महिन्याची पगाराची स्लिप शोधा. बोनस, एलटीए, थकबाकी वगळून त्या महिन्यात बँकेत जमा झालेली रक्कम घ्या. तेव्हा २८,५०० होते आणि आज ४०,००० आहेत, तर एक्सेलच्या कोणत्याही चौकटीत हे टाका:

```
=(40000/28500)^(1/5)-1
```

उत्तर येतं ०.०७, म्हणजे वर्षाला ७ टक्के. स्टेप-अप या आकड्याइतकी किंवा त्याहून दोन-तीन टक्के जास्त ठेवावी. मध्ये नोकरी बदलून एकदम चाळीस टक्क्यांची उडी मारली असेल तर ती सरासरीत धरू नये, तशी उडी दरवर्षी बसत नसते. तेव्हा स्टेप-अपच्या टक्केवारीवर विसंबून न राहता त्याच महिन्यात मूळ हप्ताच वाढवून घ्यावा.

हिशोब हातात येणाऱ्या पगाराचाच करायचा, सीटीसीचा नाही. पत्रात १० टक्के वाढ लिहिलेली असते. त्यातला काही भाग कामगिरीवर अवलंबून असलेल्या रकमेत जातो, काही ग्रॅच्युइटीत दाखवलेला असतो, काही कर खातो. हातात सहा-सात टक्केच पडतात, आणि एसआयपीचा हप्ता हातातल्याच पैशातून कापला जातो.

इथे पीएफची ओळ मात्र नीट बघावी. बेसिक पगारावर १२ टक्के पीएफ कापला जात असेल तर ती स्वतःच एक स्टेप-अप आहे, बेसिक वाढलं की कपात आपोआप वाढते, कंपनीचा वाटाही वाढतो. पण बऱ्याच खासगी कंपन्या १५,००० च्या वैधानिक मर्यादेवरच पीएफ कापतात. तुमच्या स्लिपमध्ये वर्षानुवर्षं १,८०० हाच आकडा दिसत असेल तर तो १५,००० चे बारा टक्के आहे, आणि पगार कितीही वाढला तरी तो हलणार नाही. अशा माणसाला एसआयपीच्या स्टेप-अपची गरज शेजारच्या टेबलावरच्यापेक्षा जास्त आहे. एनपीएस असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याचं उलटं असतं. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के वर्गणी जात असल्याने वार्षिक वेतनवाढ झाली की ती वाढते, महागाई भत्ता वाढला की पुन्हा वाढते. त्याच्यावर एसआयपीची स्टेप-अप थोडी कमी ठेवली तरी चालण्यासारखं असतं.

आता प्रत्यक्ष नोंदणी. फंडांच्या फॉर्मवर या सोयीला बहुधा ‘एसआयपी टॉप-अप’ म्हटलेलं असतं. तिथे दोन प्रकार दिसतात, ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी. दोन्हींत फार फरक आहे. दरवर्षी ५०० रुपये वाढवत गेलात तर विसाव्या वर्षी हप्ता १४,५०० होतो. पहिल्याच वर्षी तेवढेच ५०० वाढवणारे दहा टक्के निवडले तर ३०,५८०. सगळेच फंड टक्केवारीचा पर्याय देत नाहीत, आणि किमान टक्केवारी किंवा किमान रकमेचे नियम फंडागणिक वेगळे असतात.

वाढ कधी होणार, हेही फॉर्म ठरवतो. एसआयपी जानेवारीत सुरू केली असेल तर हप्ता दर जानेवारीत वाढतो. पगारवाढ लागू होते एप्रिलपासून, पत्र येतं जूनमध्ये आणि फरकासकट पैसे पडतात जुलैच्या पगारात. म्हणजे जानेवारीतली वाढ जुन्या पगारातून भरावी लागते, आणि जुलैत आलेले जास्तीचे पैसे सहा महिने मोकळे राहून खर्चात मुरतात. थेलर-बेनार्ट्झींची सगळी युक्ती वाढ आणि कपात एकाच वेळी होण्यावर उभी होती. म्हणून ज्या महिन्यात वाढलेला पगार खरोखर हातात पडतो, त्याच्या पुढच्या महिन्यापासून एसआयपी सुरू करावी.

तिसरी गोष्ट बँकेच्या मँडेटची. पैसे कापण्याची जी परवानगी आपण बँकेला देतो, तिच्यात कमाल रक्कम लिहिलेली असते. इंजिनिअरने ती २५,००० ठेवली असेल तर अठराव्या वर्षी हप्ता २५,२७२ होईल आणि अडकेल. १०,००० ठेवली असेल तर नवव्या वर्षीच. हे वेळेवर कळत नाही, कारण तोवर तो फॉर्म कुणाच्या लक्षातही नसतो. मँडेटची मर्यादा सुरुवातीलाच भरपूर ठेवावी. तिथली रक्कम मोठी लिहिली म्हणून तेवढे पैसे कापले जात नाहीत, हप्त्याइतकेच जातात.

या उलट टॉप-अपची स्वतःची कमाल मर्यादा असते ती जाणूनबुजून भरावी. फॉर्मवर अमुक रकमेपर्यंत किंवा अमुक महिन्यापर्यंत वाढव, असं सांगता येतं. १५,००० ची मर्यादा टाकली तर ५,००० चा हप्ता बाराव्या वर्षी १४,२६६ होईल आणि त्यानंतर १५,००० ला थांबेल. पुढे घराचं कर्ज काढायचा विचार असेल तर ही ओळ रिकामी सोडू नका.

आणि ज्या वर्षी वाढच झाली नाही? आपोआप होणाऱ्या स्टेप-अपला ते कळत नाही, हप्ता वाढतोच. खात्यात पैसे कमी पडले की मँडेट परत जातं, बँक दंड आणि त्यावर जीएसटी कापते. सलग तीन मासिक हप्ते असे चुकले की एसआयपी रद्द होते. शिवाय काही फंडांत एकदा नोंदवलेली टॉप-अप बदलता येत नाही, पूर्ण एसआयपी रद्द करून नवी नोंदवावी लागते. रद्द केल्यावर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणता म्हणता वर्ष जातं.

त्यामुळे ज्यांची पगारवाढ बेभरवशाची आहे, कमिशनवर काम आहे किंवा कंत्राटी नोकरी आहे, त्यांच्यासाठी मला हाताने करायची पद्धत जास्त पटते. मूळ ५,००० ची एसआयपी तशीच राहू द्यायची. वाढ हातात पडली की त्याच फंडात, त्याच फोलिओत ५०० किंवा ७०० ची दुसरी एसआयपी नोंदवायची. पुढच्या वर्षी तिसरी. स्टेटमेंटवर ओळी वाढतात, पण अडचणीच्या वर्षी फक्त शेवटची एक बंद करता येते आणि मूळ हप्त्याला धक्का लागत नाही. यात तोटा एकच, दरवर्षी आठवणीने करावं लागतं. अप्रेझलचं पत्र आलं त्याच दिवशी केलं नाही तर ते होत नाही, हा अनेकांचा अनुभव.

शेवटचा मुद्दा कॅल्क्युलेटर दाखवत नाही. स्टेप-अपमध्ये भरलेले पैसे शेवटाकडे एकवटतात. आपल्या उदाहरणात ३४.४ लाखांपैकी १५.३ लाख, म्हणजे ४४ टक्के, शेवटच्या पाच वर्षांत भरले जातात. साध्या एसआयपीत हा आकडा २५ टक्के असतो. इक्विटीत पाच वर्षं म्हणजे फार मोठा काळ नव्हे. शेवटच्या वर्षी भरलेल्या हप्त्यांना तर सरासरी सहाच महिने मिळतात. ऐन मुलीच्या शिक्षणाच्या किंवा निवृत्तीच्या तोंडावर बाजार पडला, तर आयुष्यातले सगळ्यात मोठे हप्ते त्या पडझडीत सापडतात, सावरायला वेळ नसतो.

म्हणून साधारण पंधराव्या वर्षापासून स्टेप-अपची दिशा बदलावी. हप्ता वाढवत राहा, पण वाढीव भाग इक्विटीत न टाकता डेट फंडात, आवर्ती ठेवीत किंवा व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्येच स्वेच्छेने भरायच्या जास्तीच्या वर्गणीत, वळवा. पीएफ बेसिकवर कापला जात असेल तर व्हीपीएफ हा सरळ मार्ग, पगार विभागाला एक अर्ज द्यावा लागतो. वाढीव कपात साधारण कोणत्या महिन्यापासून सुरू करता येते ते आधी विचारून घ्या, बऱ्याच कंपन्या हा बदल आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच स्वीकारतात.